दोन चढत्या आलेखांची खोटी सोयरीक

लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्ष जी. उडनी यूल यांनी नोव्हेंबर १९२५ मध्ये सभासदांपुढे एक आलेख मांडला. त्यात इंग्लंड आणि वेल्समधल्या दोन मालिका होत्या. एकूण विवाहांपैकी किती विवाह चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने झाले, ही पहिली. आणि दर हजारी मृत्युदर, ही दुसरी. काळ १८६६ ते १९११. या साऱ्या वर्षांत दोन्ही मालिका खाली येत गेल्या होत्या आणि त्यांचा सहसंबंध निघत होता +०.९५१२. सहसंबंधाचे मूल्य एकाच्या पुढे जाऊच शकत नाही हे लक्षात घेतले, तर हा आकडा जवळजवळ परिपूर्ण नात्याचा होता. चर्चमध्ये लग्न लावल्याने माणसे मरतात असे मात्र सभागृहात कोणालाच वाटत नव्हते.

यूल यांचे मोठेपण मला त्यानंतरच्या युक्तिवादात दिसते. विज्ञानाच्या प्रसाराने चर्चमधले विवाह घटले, विज्ञानाच्याच प्रगतीने मृत्युदरही घटला, म्हणजे दोन्हींच्या मागे एकच कारण आहे, असे कोणी उत्साही माणूस म्हणेल हे त्यांनी आधीच ओळखले होते. थोडी कल्पकता आणि थोडी सदिच्छा असली की कोणत्याही दोन गोष्टींची अशी सांगड घालता येते. ‘दोन्हींवर काळाचा परिणाम झाला’ हे उत्तरही त्यांना पुरेसे वाटले नाही. काळ ही काही चर्च किंवा रुग्णालयासारखी काम करणारी शक्ती नव्हे. त्यांनी प्रश्नच वेगळ्या जागी नेला: मालिकांच्या ठेवणीतच असे काय असते, की एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन मालिका इतका मोठा सहसंबंध देतात? पुढील प्रकरणांत येणारे सारे गणित याच प्रश्नाला धरून आहे. म्हणून त्याचे उत्तर सूत्रांच्या आधी, दोन नाण्यांच्या साहाय्याने समजून घेऊ.

दोन माणसे वेगवेगळ्या खोल्यांत बसून आपापले नाणे दहा वेळा उडवतात. छाप आली की एक मिळवायचा, काटा आला की एक वजा करायचा आणि प्रत्येक वेळी आतापर्यंतची बेरीज लिहायची. समजा, पहिल्याचे निकाल आले: छाप, छाप, काटा, छाप, छाप, छाप, काटा, छाप, काटा, छाप. त्याची बेरीज १, २, १, २, ३, ४, ३, ४, ३, ४ अशी चालेल. दुसऱ्याला मिळाले: छाप, काटा, छाप, छाप, छाप, काटा, छाप, छाप, छाप, काटा. त्याची बेरीज १, ०, १, २, ३, २, ३, ४, ५, ४. दोघांनाही सात-सात छाप मिळाल्या आहेत, आणि दहा वेळांत असे घडणे मुळीच नवलाचे नाही.

आता या दोन बेरजांचा सहसंबंध काढा. पहिलीची सरासरी २.७, दुसरीची २.५. सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज अनुक्रमे १२.१ आणि २२.५, विचलनांच्या गुणाकारांची बेरीज ११.५. पहिल्या दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १६.५. म्हणून सहसंबंध ११.५ भागिले १६.५, म्हणजे ०.७०. दहा निरीक्षणांसाठी पाठ्यपुस्तकातला तक्ता सांगतो की सहसंबंध ०.६३२ च्या वर गेला तर तो ५ टक्के पातळीवर ‘लक्षणीय’ धरावा. आपले नाते या चाचणीत उत्तीर्ण झाले. दोन खोल्या, दोन नाणी, मध्ये भिंत, आणि तक्ता म्हणतो की काहीतरी संबंध आहे.

तेच कागद पुन्हा हाती घ्या आणि बेरजा बाजूला ठेवून फक्त प्रत्येक वेळचे पाऊल पाहा: अधिक एक की वजा एक. दहापैकी चारच वेळा दोघांची पावले एका दिशेने पडली, सहा वेळा विरुद्ध दिशेने. पावलांचा सहसंबंध निघतो −०.४३, आणि दहा निरीक्षणांत तो लक्षणीय ठरत नाही. बेरजांमध्ये दिसलेले घट्ट नाते पावलांमध्ये उरलेच नाही. उलट चिन्हही बदलले. एका मूल्यातून त्याच्या आधीचे मूल्य वजा करून मिळणारी पावलांची ही मालिका म्हणजेच मूळ मालिकेचा ‘पहिला फरक’.

हे का घडते? सहसंबंधाच्या किंवा रिग्रेशनच्या लक्षणीयतेचे तक्ते एक गोष्ट गृहीत धरून बनलेले असतात: प्रत्येक निरीक्षण काहीतरी नवे सांगते. पन्नास शेतांतून पन्नास मातीचे नमुने आणले तर ते ठीक आहे. पण नाण्याच्या बेरजेत सातव्या वेळचा आकडा सहाव्या वेळच्या आकड्यापासून एकानेच वेगळा असू शकतो. त्यात जुना आकडा जवळजवळ जसाच्या तसा असतो आणि नवी भर अगदी थोडी. सुरुवातीला योगायोगाने दोन-तीन छाप जास्त आल्या, तर त्यांचा ठसा पुढच्या प्रत्येक बेरजेत राहतो. तो पुसणारे काही नसते. अशा मालिकेला रँडम वॉक म्हणतात. ती बराच काळ एकाच बाजूला सरकत राहते, आणि दोन स्वतंत्र रँडम वॉक घेतले तर दोन्ही बराच काळ कुठल्या ना कुठल्या बाजूला सरकलेले असणारच. एकाच बाजूला सरकले तर सहसंबंध मोठा धन, विरुद्ध बाजूंना सरकले तर मोठा ऋण. शून्याच्या जवळ राहणे हीच तिथे विशेष गोष्ट आहे. आपण पन्नास निरीक्षणे आहेत असे समजून तक्ता उघडतो, पण त्यांत स्वतंत्र माहिती पाच-सात निरीक्षणांएवढीही नसते.

एकदा बेरीज केली तर एवढे होते. बेरजेची पुन्हा बेरीज केली तर काय होईल, तेही यूल यांनी तपासले. त्यांनी मालिकांचे तीन वर्ग केले: ज्यांची मूल्येच यादृच्छिक आहेत त्या, ज्यांचे फरक यादृच्छिक आहेत त्या, आणि ज्यांचे फरकसुद्धा एकमेकांत गुंतलेले आहेत त्या. पहिल्या वर्गात स्वतंत्र मालिकांचे सहसंबंध शून्याभोवती गोळा होतात. दुसऱ्यात ते जवळपास सगळ्या पट्ट्यावर पसरतात. तिसऱ्यात तर ते +१ आणि −१ या दोन टोकांशी गर्दी करतात. म्हणजे मालिका जितकी गुळगुळीत, तितका खोटा सहसंबंध ठळक. आलेख देखणा निघाला की विश्वास वाढतो ही आपली सहज सवय आहे, आणि नेमकी तीच इथे घात करते.

यूल यांच्या भाषणानंतर जवळपास अर्धे शतक अर्थशास्त्रज्ञ राष्ट्रीय उत्पन्न, किंमती, चलनपुरवठा अशा चढत्या मालिकांची एकमेकींवर रिग्रेशने करत राहिले. १९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी त्यांना थांबवले. त्यांनी संगणकावर पन्नास-पन्नास मूल्यांच्या स्वतंत्र रँडम वॉकच्या शंभर जोड्या तयार केल्या आणि प्रत्येक जोडीत एकीचे दुसरीवर रिग्रेशन केले. सहगुणकाचा टी-आकडा दोनच्या पुढे गेला तर नाते लक्षणीय मानायचे, हा रूढ नियम. तो पाच टक्के वेळा चुकावा अशी अपेक्षा असते. तो जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळा चुकला. आपल्याकडच्या कोणत्याही साध्या संगणकावर हे पडताळून पाहता येते:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
n, reps, hits = 50, 2000, 0
for _ in range(reps):
    x = rng.normal(size=n).cumsum()
    y = rng.normal(size=n).cumsum()
    r = np.corrcoef(x, y)[0, 1]
    t = r * np.sqrt((n - 2) / (1 - r**2))
    hits += abs(t) > 2
print(hits / reps)
```

हजारो जोड्या घेतल्या की हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास स्थिरावते. `cumsum()` दोन्ही ठिकाणांहून काढून टाका, म्हणजे बेरजांऐवजी नुसती पावले राहतील, आणि तोच आकडा ०.०५ च्या जवळ येईल. नंतर `cumsum()` परत घाला आणि `n` पन्नासाऐवजी ५०० करा. विद्यार्थ्यांनी हा शेवटचा प्रयोग स्वतः करावा असा माझा आग्रह आहे. चूक कमी होत नाही, वाढते: दहापैकी जवळजवळ नऊ जोड्यांत खोटे नाते लक्षणीय ठरते. जास्त वर्षांची आकडेवारी मिळाली की निष्कर्ष पक्का होतो, ही आपली मूलभूत श्रद्धा इथे उलटी पडते. पीटर फिलिप्स यांनी १९८६ मध्ये यामागचे गणित सिद्ध केले. दोन स्वतंत्र रँडम वॉकमधला टी-आकडा निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात फुगत जातो, आणि सहसंबंध कितीही निरीक्षणे घेतली तरी शून्याकडे जात नाही. आकडेवारी चौपट केली की टी-आकडा साधारण दुप्पट होतो आणि खोट्याला आणखी बळ मिळते.

हे खोटे नाते ओळखण्याची पहिली खूण रिग्रेशनच्या अवशेषांत असते. अवशेष म्हणजे प्रत्यक्ष मूल्य आणि रिग्रेशनच्या रेषेने सांगितलेले मूल्य यांतला फरक. नाते खरे आणि पूर्ण असेल तर हे अवशेष कधी वर, कधी खाली असे विखुरतात. खोटे असेल तर ते कित्येक वर्षे सलग वर आणि मग कित्येक वर्षे सलग खाली राहतात, कारण रँडम वॉकचे भटकणे त्यांच्यात जसेच्या तसे उतरलेले असते. ही चिकटण्याची प्रवृत्ती डर्बिन-वॉटसन आकडा मोजतो. तो ० ते ४ या पट्ट्यात असतो. दोनच्या जवळ असला तर शेजारच्या अवशेषांत चिकटपणा नाही, शून्याच्या जवळ असला तर खूप आहे. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी यावरून एक सोपी सूचना दिली: रिग्रेशनचा आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसन आकड्यापेक्षा मोठा दिसला की सावध व्हा. ०.९५ चा आर-स्क्वेअर आणि ०.३ चा डर्बिन-वॉटसन एकाच पानावर छापलेले असले, तर लेखकाचा निष्कर्ष वाचण्याआधीच पेन्सिलीने खूण करावी. जुन्या प्रबंधांत अशी पाने विरळा नाहीत.

मग उपाय काय? सुरुवात मालिकेचा स्वभाव तपासण्यापासून होते. जिची सरासरी, पसरण आणि शेजारच्या मूल्यांशी असलेले नाते काळानुसार बदलत नाही, तिला स्टेशनरी मालिका म्हणतात. तिला एखादा धक्का बसला तर त्याचा परिणाम हळूहळू ओसरतो आणि ती आपल्या सरासरीकडे परतते. रँडम वॉकला परतण्यासाठी घरच नसते. डेव्हिड डिकी आणि वेन फुलर यांची १९७९ ची चाचणी हाच प्रश्न थेट विचारते: काल मालिका वर असेल, तर आज तिचा बदल सरासरीने खालच्या दिशेला होतो का? म्हणून आजच्या फरकाचे कालच्या मूल्यावर रिग्रेशन करायचे. सहगुणक ठळकपणे ऋण आला तर परत ओढणारे काहीतरी आहे. शून्यापासून वेगळा ओळखता आला नाही तर रँडम वॉकची शक्यता खोडून काढता येत नाही. यातली मेख अशी की इथे नेहमीचा टी-तक्ता चालत नाही. ५ टक्के पातळीला एकबाजूची रूढ सीमा −१.६५ च्या जवळ असते; डिकी-फुलर तक्त्यात, मोठ्या नमुन्यासाठी आणि फक्त स्थिर पद घेतल्यास, ती −२.८६ आहे. मालिकेत सरळ कल असण्याची मुभा दिली तर −३.४१. संगणकाने −२.१ दाखवला आणि कोणी सवयीने ‘लक्षणीय’ असे लिहून टाकले, तर त्याने रँडम वॉक असू शकणाऱ्या मालिकेला स्टेशनरी ठरवले.

या चाचणीचा एक दुबळेपणा मी ठासून सांगतो, कारण वर्गात तो घाईत निसटतो. ‘रँडम वॉक असल्याचे नाकारता आले नाही’ याचा अर्थ ‘रँडम वॉक आहे’ असा होत नाही. चार्ल्स नेल्सन आणि चार्ल्स प्लॉसर यांनी १९८२ मध्ये अमेरिकेच्या चौदा दीर्घ आर्थिक मालिका तपासल्या. बेरोजगारीचा दर सोडला तर बाकी तेरांपैकी एकीतही त्यांना रँडम वॉकची शक्यता नाकारता आली नाही. पुढे पिअर पेरॉन यांनी १९८९ मध्ये दाखवले की १९२९ ची महामंदी हा एकदाच घडलेला खंड मानला, तर त्यांतल्या बऱ्याच मालिका सरळ कलाभोवती फिरणाऱ्या ठरतात. संथपणे परतणारी मालिका आणि कधीच न परतणारी मालिका यांतला भेद पन्नास वर्षांच्या आकड्यांतून करणे मुळातच अवघड आहे.

तरीही कोणता स्वभाव आहे यावर उपाय अवलंबून असतो. सरळ रेषेभोवती हेलकावे घेणारी मालिका असेल तर ती रेषा वजा करावी. रँडम वॉक असेल तर फरक घ्यावा. औषधांची अदलाबदल झाली तर दोन्हीकडे बिघाड होतो. रँडम वॉकमधून सरळ रेषा वजा केली तर उरलेल्या मालिकेत लांबलचक चक्रे दिसू लागतात, जी मुळात नाहीतच; त्यांवर व्यापारचक्राचा सिद्धांत उभा करण्याचा मोह होतो. उलट, आधीच स्टेशनरी असलेल्या मालिकेचा फरक घेतला तर शेजारच्या मूल्यांत कृत्रिम ऋण संबंध तयार होतो. निव्वळ यादृच्छिक मालिकेचा फरक घेऊन पाहा, लगतच्या मूल्यांचा सहसंबंध −०.५ च्या जवळ येईल. तुमच्या फरकमालिकेत असा आकडा दिसला, तर एक फरक जास्त झाला असे समजावे. किंमतींसारख्या टक्क्यांत वाढणाऱ्या मालिकांचा आधी लॉगरिदम घेऊन मग फरक काढावा. तो फरक म्हणजे जवळपास टक्केवारीतली वाढच असते. किंमत पातळीच्या बाबतीत मात्र एक फरक पुरेसा होतो की नाही यावर अजून वाद होतात.

डेव्हिड हेंड्री यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात याच किंमत पातळीचा उपयोग केला. ब्रिटनच्या किंमत पातळीशी त्यांनी एक चल जुळवून दाखवला, आणि तो चलनपुरवठ्यापेक्षाही चांगला जुळला. मग चलाचे नाव सांगितले: ब्रिटनमधला साठत गेलेला पाऊस. वर्षाचा पाऊस कमी-जास्त होतो, पण आतापर्यंत पडलेल्या सगळ्या पावसाची बेरीज कधीच खाली येत नाही. नाण्यांच्या बेरजेप्रमाणे तिथेही बेरीज करण्यानेच सोयरीक जुळवली होती. पावसाची बेरीज मोडून दरवर्षीचा पाऊस घ्या आणि किंमतीऐवजी महागाईचा दर घ्या. चढण्याच्या जोरावर उभे असलेले नाते टिकवून धरणारे मग काही उरत नाही.

इथवर वाचून ‘सगळ्यांचेच फरक घ्या, मग काळजी नाही’ असा सोयीचा नियम करावासा वाटेल. तो मी नाकारतो. फरक घेताना पातळ्यांमधली माहिती टाकून दिली जाते, आणि कधी कधी खरे नाते त्या पातळ्यांतच असते. एकाच दोराने बांधलेल्या दोन गाई माळावर सोडल्या तर प्रत्येक गाय कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण त्यांच्यातले अंतर दोराच्या लांबीपुढे जात नाही. फक्त त्यांची एकेक पावले मोजणाऱ्याला दोर दिसणारच नाही. काही आर्थिक मालिका अशाच असतात: प्रत्येक भटकते, पण दोघींचा योग्य प्रमाणातला फरक स्टेशनरी राहतो. या गुणाला सहएकात्मता म्हणतात. ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल यांनी १९८७ मध्ये तो तपासण्याची पद्धत मांडली. २००३ मध्ये दोघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रेंजर यांना ते सहएकात्मतेसाठी, तर एंगल यांना काळानुसार बदलणाऱ्या चढउतारांच्या अभ्यासासाठी.

पद्धत आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. पातळ्यांचेच रिग्रेशन करा, ज्यावर आतापर्यंत आपण संशय घेतला तेच. मग त्याचे अवशेष घ्या आणि ते स्टेशनरी आहेत का ते डिकी-फुलरच्या धर्तीवर तपासा. अवशेष परतणारे असतील तर दोर आहे. भटकणारे असतील तर नाते खोटे मानावे. मात्र अवशेष हे रिग्रेशननेच शक्य तितके लहान करून दिलेले असतात, म्हणून इथे सीमा आणखी कडक हवी: दोन मालिकांसाठी, मोठ्या नमुन्यात, −३.३४ च्या आसपास. दोर सापडला तर पुढचे पाऊल असे, की फरकांच्या रिग्रेशनमध्येच कालचा अवशेष एक चल म्हणून घालायचा. त्याचा सहगुणक ऋण येतो आणि दर काळात अंतराचा किती भाग भरून निघतो ते सांगतो. अशा रीतीने फरकांची सुरक्षितता आणि पातळ्यांची माहिती एकाच समीकरणात राहतात.

एंगल आणि ग्रेंजर यांनी हीच पद्धत अमेरिकेच्या आकड्यांना लावली. उपभोग आणि उत्पन्न यांच्यात सहएकात्मता आढळली. अल्प आणि दीर्घ मुदतीच्या व्याजदरांतही आढळली. राष्ट्रीय उत्पादनाचे चालू किंमतींतले मूल्य चलनाच्या एम-२ या मापाशी बांधलेले निघाले, पण एम-१ किंवा एम-३ शी नाही. वेतन आणि किंमती यांच्या बाबतीत मात्र सहएकात्मता आढळली नाही. दोघांचे आलेख एकत्र काढले तर ते चर्चमधले विवाह आणि मृत्युदर यांच्याइतकेच सुबकपणे बरोबर चालतात. त्यांच्यात काहीच संबंध नाही असा याचा अर्थ नव्हे. उत्पादकता वाढली की वेतन किंमतींना मागे टाकून पुढे जाते, आणि ती स्वतःच भटकणारी मालिका असेल तर फक्त दोघांच्या समीकरणातले अवशेष परतण्याचे कारण उरत नाही. उत्पादकता ही तिसरी मालिका म्हणून समीकरणात घेतली तर मात्र चाचणीची सीमा −३.३४ राहत नाही, ती आणखी खाली सरकते.